मदत हवी आहे: प्रमोटरच्या वॉरंटची किंमत काढायलोय, डायल्यूशनने भागायचं की नाही? तीन पद्धतीने तीन उत्तरं

पवन_परभणी

नमस्कार मंडळी, सध्या संभाजीनगरला एका सीए ऑफिसात आर्टिकलशिप चालूय. सरांनी वाळूजच्या एका छोट्या लिस्टेड कंपनीचं काम दिलंय, प्रमोटरला प्रेफरेन्शियल वॉरंट दिलेत त्याची व्हॅल्यू काढ म्हणाले. नाव सांगत नाही आणि आकडे गोल केलेत, गणिताला काही फरक पडत नाही.

शेअर 1 कोटी, बाजारभाव 100 रु. वॉरंट 20 लाख, एका वॉरंटला एक शेअर, इश्यू भाव 100. त्यातले 25 अलॉटमेंटलाच भरलेत, उरलेले 75 अठरा महिन्यांत कधीपण भरून शेअर घ्यायचा, नाही घेतला तर ते 25 गेले. व्होलॅटिलिटी 50 टक्के धरली, व्याजदर 6.5, डिव्हिडंड काही नाही. अलॉटमेंट आत्ताच झालीय, म्हणजे पूर्ण दीड वर्ष बाकी.

25 तर जमा झालेच म्हणून स्ट्राइक 75 धरली आणि साधं ब्लॅक-शोल्स लावलं तर 39.9 आलं. सर म्हणतात ही काय एनएसईवरची कॉल आहे का, नवे शेअर निघणार म्हणून 1.2 ने भाग, तर 33.2 येतंय. नेटवर एक पीडीएफ सापडली तिच्यात वॉरंटची किंमत काढायला वॉरंटचीच किंमत टाकायला लावतात, एक्सेल सर्क्युलर रेफरन्स म्हणून बोंबलतं, तरी कसंबसं चालवलं तर 38.7 आलं. आता 33 आणि 40 मध्ये लै फरक आहे राव, 20 लाख वॉरंटवर सव्वा कोटीच्या वर जातंय. कुठलं बरोबर आणि काहून?

बांधावरचा_गुंतवणूकदार

सर बरोबर म्हणायलेत. ऑप्शन म्हणजे दोघांनी बांधावर बसून लावलेली पैज, कोणीपण जिंको, सातबारा तसाच राहतो. वॉरंट म्हणजे सातबाऱ्यावर नवं नाव चढणार, मग प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणारच ना. 1 भागिले 1.2 करून मोकळा हो, जास्त डोकं लावू नको.

जालना_स्टील

वॉरंटचं नावच काढू नका. माझ्याकडं एक शेअर होता, प्रमोटरने वॉरंट घेतले म्हणून सगळीकडं बोंबाबोंब झाली की मालक स्वतःचा पैसा टाकायलाय, मी पण वरच्या भावात घेतला. पुढं भाव पडला, मालकानं उरलेले 75 टक्के भरलेच नाहीत, वॉरंट लॅप्स. भरलेले 25 टक्के कंपनीने जप्त केले म्हणे, पण माझा शेअर काय वर आला नाही. त्यामुळं हे व्हॅल्यू बिल्यू सगळं कागदावर. तुमची कंपनी कोणती ते तेवढं सांगा, घ्यायची का नाही?

पवन_परभणी

दादा घ्यायची-विकायची नाहीये, फक्त व्हॅल्यूएशन करायचंय.

गोदाकाठ

पवन, तुझं पहिलं उत्तर सगळ्यात जवळचं आहे आणि सरांचं सगळ्यात लांब. बांधावरच्या भाऊंचं सातबाऱ्याचं उदाहरण बरोबर आहे पण त्यातून त्यांनी काढलेला हिशोब चुकतोय. हळूहळू सांगतो, आधी एक्सरसाइजच्या दिवशी काय होतं ते बघ.

समज मुदतीच्या शेवटच्या दिवशी कंपनीची सगळी इक्विटी मिळून 165 कोटींची आहे, म्हणजे शेअरवाले आणि वॉरंटवाले दोघांचं मिळून. वॉरंटवाले 20 लाख गुणिले 75 म्हणजे 15 कोटी भरतात, झाले 180 कोटी, शेअर झाले 1.2 कोटी, म्हणजे भाव 150. वॉरंटवाल्याने 75 भरून 150 ची वस्तू घेतली, त्याचा फायदा 75.

आता एक्सरसाइजच्या एक दिवस आधी शेअरचा भाव किती असेल? 165 म्हणणारे लै भेटतील. पण बाजाराला वॉरंट माहीत आहेत, ते स्टॉक एक्स्चेंजवर जाहीर झालेत, शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये दिसतात. मग 165 कोटींतले 20 लाख गुणिले 75 म्हणजे 15 कोटी वॉरंटवाल्यांचे, उरले 150 कोटी, भागिले 1 कोटी शेअर, म्हणजे 150. आदल्या दिवशीपण 150 आणि नंतरपण 150. एक्सरसाइजला भाव पडत नाही, कारण डायल्यूशन आधीच भावात बसलेलं आहे.

तू जो 100 चा भाव घेतलास तोपण असाच, वॉरंट जमेस धरून झालेला. त्याच्यावर परत 1.2 ने भागलं की एकच डायल्यूशन दोनदा कापलं. 33.2 तिथून आलंय.

बांधावरचा_गुंतवणूकदार

मग पुस्तकात तो भागाकार कायला दिलाय? आणि आता तर स्टॉक ऑप्शनमध्ये पण फिजिकल डिलिव्हरी असते, मग तिथंपण डायल्यूशन धरायचं का?

गोदाकाठ

डिलिव्हरी असते पण ते शेअर कॉल विकणाऱ्याच्या डीमॅटमधून निघतात, त्याच्याकडं नसले तर बाजारातून येतात, आधीच छापलेले. कंपनीला खबरपण नसते, तिच्या खात्यात एक रुपया येत नाही. म्हणून एका शेअरवर लाखो कॉल उघडे असले तरी शेअरची संख्या हलत नाही.

भागाकार पुस्तकात आहे आणि तो बरोबरपण आहे, पण त्याच्या जोडीला आत टाकायचा आकडा वेगळा आहे. कॉल शेअरच्या भावावर काढायची नाही, शेअर अधिक वॉरंट मिळून जी इक्विटी होते तिला जुन्या शेअर्सनी भागून येणाऱ्या आकड्यावर काढायची आणि मग 1.2 ने भागायचं. तुझी पीडीएफ तेच करायलीय:

```
W = N/(N+M) * Call(S + (M/N)*W, K, T, r, sigma_V)
```

यात W वॉरंटची किंमत, S शेअरचा भाव, N जुने शेअर, M वॉरंटची संख्या, K म्हणजे तुझे 75. दोन्ही बाजूला W आहे म्हणून एक्सेल बोंबलतं. फाइल ऑप्शन्समध्ये फॉर्म्युलाजखाली `Enable iterative calculation` टिक कर, नाहीतर हातानेच फिरव: 39.9 टाक, 38.8 येईल, ते परत टाक, तीन-चार फेऱ्यांत 38.65 ला थांबतं. तुझं 38.7 म्हणजे तेच.

पवन_परभणी

मग 38.7 फायनल? तरी 39.9 आणि 38.7 मध्ये सव्वा रुपयाचा फरक उरतोय. तो कशाचा?

गोदाकाठ

हाच खरा प्रश्न आहे आणि इथंच बहुतेक लोक सोडून देतात. तू 50 टक्के व्होलॅटिलिटी कुठून घेतलीस? शेअरच्या रोजच्या भावावरून. पण त्या फॉर्म्युल्यात शेवटी जो `sigma_V` आहे तो शेअरचा नाहीये, शेअर आणि वॉरंट मिळून सगळ्या इक्विटीचा आहे. वॉरंट शेअरपेक्षा जास्त उडतं, म्हणून एकूण इक्विटी नुसत्या शेअरपेक्षा जास्त हलते. कंपनीला चांगले दिवस आले तर वाढीतला एक हिस्सा वॉरंटवाले ओढून नेतात, वाईट आले तर थोडा मार तेपण खातात, शेअरला दोन्हीकडं जरा कमी झटका बसतो.

तुझ्या आकड्यांवर करून बघितलं. शेअरची व्होलॅटिलिटी 50 दिसायची असेल तर इक्विटीची 54 च्या आसपास लागते. ती 54 टाकून परत फिरव, 39.8 येतं. साध्या ब्लॅक-शोल्सचं 39.9. म्हणजे 20 टक्के डायल्यूशन असूनसुद्धा फरक दहा पैशांचा.

थोडक्यात, शेअरचा बाजारभाव आणि त्याचीच व्होलॅटिलिटी घेतली तर साधी कॉल म्हणून काढ. एकूण इक्विटी घेतली तर भागाकारासकट सगळं तिच्याच बाजूचं घे. अर्धं इकडचं अर्धं तिकडचं केलं की 33 किंवा 38.7 असं काहीतरी येतं. वॉरंट लै आउट ऑफ द मनी असेल, म्हणजे शेअरचा भाव स्ट्राइकच्या बराच खाली असेल तर मात्र ही जुळणी इतकी छान बसत नाही, तुझं तसं नाहीये.

लातूरची_सीए

गोदाकाठ, हे पटलं, पण सरांच्या बाजूनेपण बघायला पाहिजे. पवन, व्हॅल्यूएशनची तारीख कोणती आहे? जाहीर होण्याआधीचा भाव घेतला असेल तर त्यात डायल्यूशन नाहीच, मग सर म्हणतात तसं काहीतरी करावंच लागेल.

गोदाकाठ

ताई, अगदी मुद्द्याचं. समजा 100 हा घोषणेच्या आधीचा भाव आहे. मग एकूण इक्विटी म्हणजे 100 कोटी अधिक वॉरंटचे आलेले 5 कोटी, शेअरमागं 105. त्यावर 54 टक्क्यांनी कॉल काढून 1.2 ने भागलं तर वॉरंट 37.8 ला बसतं, आणि शेअर 105 वजा 7.55 म्हणजे साडेसत्त्याण्णवच्या जवळ यायला पाहिजे. म्हणजे 38 ची वस्तू प्रमोटरला 25 ला दिली, तो तेरा रुपयांचा फरक जुन्या शेअरहोल्डरच्या खिशातून गेला, शेअरमागं अडीच रुपये. डायल्यूशनचा फटका म्हणायचा तो हा, आणि तो घोषणेलाच बसतो. तेव्हासुद्धा 33.2 येत नाही, कारण सर आलेले 5 कोटी विसरायलेत.

प्रत्यक्षात घोषणेला भाव बऱ्याचदा चढतो, वर जालनेकरांनी सांगितलं तसं, लोकांना वाटतं मालकाला आतलं काहीतरी दिसतंय. त्यामुळं तो अडीच रुपयांचा फटका चार्टवर दाखव म्हटलं तर दाखवता येणार नाही.

जालना_स्टील

म्हणजे लॅप्स झाले तेव्हा माझा शेअर वर यायला पाहिजे होता ना?

गोदाकाठ

नाही दादा. भाव पडत गेला तशी वॉरंटची किंमत शून्याकडं गेली, तो हिस्सा रोज थोडा थोडा तुमच्या शेअरमध्ये परत येत होता, पण कंपनीच पडत होती म्हणून दिसला नाही. लॅप्सच्या दिवशी वेगळं काही मिळायचं उरलं नव्हतं.

लातूरची_सीए

माझी अडचण दुसरीच आहे. छोट्या शेअरला रोज सर्किट लागतं, कधी दिवसभर व्यवहारच नसतो, मग 50 टक्के हा आकडा कुठल्या काळाचा? शिवाय हे वॉरंट विकता येत नाही, मिळालेल्या शेअरला लॉक-इन आहे. 39.8 ला बाजारात कोणी घेणार नाही. मी असल्या कामात लॉक-इनचा डिस्काउंट वेगळा दाखवते, मॉडेलच्या आत कालवत नाही, पण किती टक्के घ्यायचा यावर आमच्याच ऑफिसात दोन मतं आहेत.

बांधावरचा_गुंतवणूकदार

घ्या, दहा पैशांचा फरक मिटवला आणि डिस्काउंट उघडा ठेवला. त्यापेक्षा माझं 33 काय वाईट होतं?

गोदाकाठ

33 ला आलेला आकडा आणि 40 वर कारण लिहून घेतलेला डिस्काउंट, ऑडिटरला दोन्ही दाखवून बघा भाऊ. आणि डायल्यूशन एवढं लहान असेल की विषयच निघत नाही अशी उदाहरणंपण आहेत. 2020 ला एचडीएफसी लिमिटेडने 1.70 कोटी वॉरंट काढले होते, 180 रुपयाला एक, एक्सरसाइज भाव 2,165. कंपनीचे शेअर पावणेदोनशे कोटींच्या आसपास, म्हणजे एक टक्कासुद्धा नवे शेअर नाहीत. तिथं भागाकार केला काय, न केला काय. पवनच्या केसमध्ये 20 टक्के आहे म्हणून एवढी मारामारी.

पवन_परभणी

व्हॅल्यूएशनची तारीख अलॉटमेंटची आहे, घोषणा त्याच्या बरीच आधी झालीय, म्हणजे 100 मध्ये डायल्यूशन आहे. साधी कॉल 39.9 आणि शेजारच्या शीटला 54 वाली फिरवाफिरवी, दोन्ही सरांपुढं ठेवतो. 165 कोटींवालं उदाहरण आधी दाखवतो, फॉर्म्युला नंतर. ताई, लॉक-इनच्या डिस्काउंटचं तुम्ही कागदावर काय कारण लिहिता तेवढं सांगाल का? आणि व्होलॅटिलिटीला दुसऱ्या मोठ्या ऑटो पार्ट कंपन्यांची घेतली तर चालेल का, त्यांची 35 च्या आसपासच निघायलीय.