अनुभव धागा: जर्मनीतला पहिला हिवाळा, घरची ओढ आणि रात्रीची धडधड

ऊनसावली: नोकरीसाठी जर्मनीत नव्याने आलेल्यांचे उन्हाळ्याचे महिने बरे जातात. ऑक्टोबर संपता संपता मात्र जीव घाबरा व्हायला लागतो, झोप उडते, घरचा फोन झाला की जास्तच रडू येतं. नेमकं काय केल्याने फरक पडतो ते लिहा. 'काळजी करू नकोस' नको.

इझारकाठ: आधी घड्याळाकडे बघा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि भारताशी फरक साडेतीनचा साडेचार तास होतो. संध्याकाळी सहाला घरी पोचून फोन लावायची सवय असेल, तर तिकडे साडेनऊऐवजी साडेदहा वाजलेले असतात. आई पेंगुळलेली, बाबा झोपलेले, बोलणं तीन वाक्यांत आटपतं. इकडे बाहेर मिट्ट काळोख आणि पुढे अख्खी रात्र एकट्याने काढायची. धडधड नेमकी त्यानंतरच सुरू होते.

म्हणून फोन सकाळी करा. इथे साडेसात म्हणजे घरी दुपारचे बारा, कुकरच्या शिट्ट्या चालू असतात. फोन ओट्यावर टेकवून ठेवायला सांगा आणि तुम्ही तुमचा डबा भरा. बोललंच पाहिजे असं नाही, पंधरा मिनिटं पुरतात. संध्याकाळच्या रिकाम्या वेळेत माणसं भेटतील असं काहीतरी ठरलेलं हवं: भाषेचा वर्ग, बॅडमिंटन, काहीही, पण वार आणि वेळ पक्की. 'कंटाळा आला की जाईन' म्हटलं की कोणी जात नाही.

भाकरीचंद्र: हे सगळं ड जीवनसत्त्वाचं आहे. थेंब सुरू करा, महिन्याभरात मन ताळ्यावर येतं.

रक्तचाचणी: अर्धं बरोबर. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना त्याची कमतरता असते, तपासून घ्यावं आणि डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यावं. पण भीतीचं औषध म्हणून त्यावर विसंबू नका. हाऊसआर्ट्झकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे गेलात की थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघायला सांगा. दोन्हींमुळे धडधड होऊ शकते.

हिवाळ्यातल्या अंधाराने मन खचतं त्यासाठी लावतात तो उजेडाचा दिवा वेगळ्या कामाचा. तो १०,००० लक्सचा हवा, उठल्या उठल्या अर्धा तास, चेहऱ्यापासून पाकिटावर लिहिलेल्या अंतरावर. नजर दिव्यात नको, नाश्ता करत बसा. संध्याकाळी लावलात तर उरलीसुरली झोपही जाईल. त्याने ड जीवनसत्त्व मिळत नाही. डोळ्यांचा आजार असेल किंवा घरात कोणाला बायपोलर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

नाशिककरीण: माझा मुलगा म्युनिकला आहे. रोज विचारते, जेवलास का? 'हो' म्हणतो आणि ठेवतो. पैशांची अडचण असेल का?

इझारकाठ: काकू, पैशांचं सरळ विचारा, पण बहुधा ते नसेल. 'जेवलास का'ला 'हो' शिवाय उत्तरच नाही. त्याऐवजी घरातलं चालू सांगा: नळाला पाणी किती वाजता आलं, शेजारी कोणाचं भांडण झालं. सलग दोन-तीन आठवडे तो कामाला जायचं टाळत असेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर डॉक्टरकडे जा म्हणून स्पष्ट सांगा.

दुबईवाला: आमच्याकडे फरक दीडच तासाचा, ऊन भरपूर, तरी शुक्रवारी दुपारी घर खायला उठतं. त्यामुळे सगळं उजेडावर ढकलू नका.

रक्तचाचणी: मान्य. रात्री छाती धडधडते तेव्हा काय करायचं तेही लिहिते. पहिल्यांदाच होत असेल आणि छातीत दुखत असेल, तर ११२ ला फोन करा, भीतीचाच झटका आहे असं स्वतः ठरवू नका. तपासणीत हृदय ठीक निघालं असेल तर पुढच्या वेळी बसून राहा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जाऊन उतरायला लागतो. त्या वेळी घरी फोन लावला तर तिकडचे घाबरतात, आणि त्यांचा आवाज ऐकून तुम्ही आणखी.

समुपदेशनासाठी ११६११७ वर फोन करून मानसोपचाराच्या पहिल्या भेटीची वेळ मागा. सरकारी विमा असेल तर डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. भेटीनंतर पीटीव्ही ११ नावाचा कागद देतात, तो जपा. त्यावर तातडीच्या उपचाराची शिफारस असेल, तर त्याच नंबरवरून लवकर वेळ मिळते. नेहमीच्या उपचाराला मात्र महिनोन्‌महिने थांबावं लागू शकतं, इंग्रजीत बोलणारा हवा असेल तर आणखी.

प्रोबेत्साइट: सहा महिन्यांचा परीक्षाकाळ चालू आहे. रजा घेतली तर कंपनीला कारण कळेल का?

ऊनसावली: आजारपणाच्या दाखल्यातून कंपनीला फक्त तारखा कळतात, आजाराचं नाव नाही. पण परीक्षाकाळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात हेही खरं, त्यामुळे धास्ती उगाच नाही.

भाकरीचंद्र: पुण्यातल्या समुपदेशकाशी मराठीत ऑनलाइन बोललेलं काय वाईट?

रक्तचाचणी: काहीच वाईट नाही, रडायला आपली भाषा लागतेच. पैसे स्वतःचे जातात आणि इथला आजारपणाचा दाखला त्यांना देता येत नाही, एवढंच. म्हणून इथला डॉक्टर सोडू नका.

इझारकाठ: पहिल्या वर्षी दिवाळीला घरी जावं की नाताळच्या सुट्टीत? मी नाताळ म्हणेन, तेव्हा इथलं सगळं बंद असतं.

दुबईवाला: दिवाळीच. फराळ फोनवर बघत बसण्यासारखा त्रास नाही.