जीभ घसरते, पण शिस्तीत

> 'जीभ घसरली, एवढंच. त्यातून बोलणं तयार होण्याचे डोक्यातले टप्पे कसे कळणार?'

भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी १९७१ च्या लेखात दिलेली इंग्रजी चूक बघा. म्हणायचं होतं 'अ करंट आर्ग्युमेंट', तोंडून निघालं 'ॲन अरंट कार्ग्युमेंट'. 'क' पुढच्या शब्दावर गेला, मागे स्वराने सुरू होणारा शब्द उरला, आणि 'अ'चा लगेच 'ॲन' झाला! उपपदाचं रूप आधीच ठरलं असतं तर 'अ अरंट' ऐकू आलं असतं. म्हणजे शब्द निवडून झाले होते, घोटाळा ध्वनी जागेवर बसवताना झाला आणि उपपद त्यानंतर ठरलं.

अख्खे शब्द अदलाबदल होतात तेव्हा मात्र बहुधा नामाच्या जागी नामच येतं. तो घोटाळा आधीच्या, वाक्यरचनेच्या टप्प्यावरचा. अर्थात, कानाने टिपलेल्या नोंदींत बारीक चुका निसटतात, त्यामुळे अशा चुकांच्या निव्वळ मोजणीवर मी फार विसंबणार नाही.