मदत हवी आहे: गुळवेल रस बंद केला, SGPT उतरतोय, तरी बायोप्सी आत्ताच करावी का?

आई, वय ५८. हाशिमोटो थायरॉइडायटिस आहे, थायरॉइडची गोळी जुनीच. मधुमेहही आहे. काही महिने सकाळी उपाशीपोटी बाजारातला गुळवेल-आवळा रस चालू होता. दारू नाही, पॅरासिटामॉल नाही, नवीन गोळीही नाही. आधी लघवी चहासारखी गडद, मग डोळे पिवळे. SGPT ८४०, बिलिरुबिन ६.२, INR नॉर्मल. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई निगेटिव्ह, सोनोग्राफीत पित्तमार्गात अडथळा नाही. पण ANA पॉझिटिव्ह आणि IgG वाढलेलं.

रस लगेच बंद केला. SGPT आता २६० आहे, पण IgG तेवढंच. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते, त्यातही ऑटोइम्यून आजाराकडे झुकणारं चित्र होतं, म्हणून डॉक्टरांना शंका आहे की रसाने आतला ऑटोइम्यून हिपॅटायटिस उघडा पाडला. ते बायोप्सी आणि गरज पडल्यास स्टेरॉइड म्हणतात. साखर आधीच वर असल्याने स्टेरॉइडची धास्ती आहे. (रसाची बाटली जपून ठेवली आहे. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नाही, त्यामुळे आत नक्की कोणती वेल होती कुणास ठाऊक.)

"काविळीवर हा काढा द्या" असे सल्ले कृपया नकोत. यकृततज्ज्ञ किंवा यातून गेलेल्यांनी सांगावं: SGPT आपोआप उतरत असताना IgG खाली यायची वाट किती आठवडे पाहणं सुरक्षित आहे? आणि ज्यांनी स्टेरॉइड घेतलं, त्यांचं ते बंद केल्यावर SGPT पुन्हा चढलं का?