मदत हवी आहे: वॉक-फॉरवर्डमध्ये दर विंडोला वेगळाच आकडा जिंकतोय

मिऱ्या_रत्नागिरी
निफ्टी फ्युचर्सवर, रोजच्या बंद भावावर चालणारा साधा नियम आहे. मागच्या एन दिवसांतल्या सर्वांत वरच्या बंद भावाच्या वर बंद झालं की खरेदी, आणि एनच्या निम्म्या दिवसांतल्या सर्वांत खालच्या बंद भावाखाली गेलं की बाहेर. शॉर्ट नाही. एन २० ते १००, पाच-पाचने वाढवत.

तीन वर्षांवर एन ठरवतो आणि पुढच्या एका वर्षावर तपासतो. २०१५-१७ वर ठरलेला २०१८ ला, २०१६-१८ वर ठरलेला २०१९ ला, असं २०२४ पर्यंत सात वेळा. जिंकलेले एन ओळीने ३५, ९०, ४०, २५, ९५, ३०, ६०. ट्रेनिंगमध्ये वर्षाला सरासरी १४ टक्के, तपासणीत ३. खर्च धरलेला आहे. विंडो चार-पाच वर्षांची करून बघू का? २०२५ अजून उघडलेलं नाही.

चौलकर
विंडो सरकवूच नका. सुरुवात २०१५ ला बांधून ठेवा आणि दरवर्षी एक वर्ष जोडत जा. बाजार बदलतो म्हणून एन उड्या मारतोय. डेटा वाढला की स्थिर होईल.

कुडाळ_आकडेमोड
चौलकर, स्थिर होईल हे खरं, पण कारण वेगळं आहे. बांधलेल्या विंडोत जुना डेटा तोच राहतो, त्यामुळे उत्तरही फारसं हलत नाही. त्यावरून एन चांगला आहे हे सिद्ध होत नाही. मुळात २०१५-१७ आणि २०१६-१८ यांत दोन वर्षं सामाईक आहेत. तरी ३५ चा ९० झाला, याचं खापर एकट्या बाजारावर फोडता येत नाही.

मिऱ्या, एन ९० ला तीन वर्षांत सौदे किती झाले ते सांगा.

मिऱ्या_रत्नागिरी
५. एन २५ ला १७.

कुडाळ_आकडेमोड
मग दुखणं तिथंच आहे. पाच सौद्यांत एक मोठा सापडला की ९० पहिला येतो. प्रत्येक एनचा सर्वांत मोठा सौदा काढून क्रमवारी पुन्हा लावा. ती उलटीपालटी झाली, तर निवड नियमाची नव्हती, त्या एका सौद्याची होती.

निवडताना एकटं शिखर घेऊ नका, शेजारही बघा. ९० ला १८ टक्के आणि ८५, ९५ ला ४ टक्के असतील तर ९० सोडा.

```python
# ret: ट्रेनिंगचा परतावा, index = 20, 25, ..., 100
smooth = ret.rolling(5, center=True).mean()
best = smooth.idxmax()
```

यात दोन्ही टोकांचे दोन-दोन एन आपोआप गळतात, ते चालेल.

दुसरं, तपासणीच्या वर्षाआधीचे भाव नियमाला दिलेत ना? १ जानेवारीपासून कोरी सुरुवात केली तर एन ९० पहिले ९० व्यवहार-दिवस गप्प बसतो, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा वाया. मागचे भाव द्या, पण त्या काळातले सौदे मोजू नका.

आणि विंडो तीनची चार, चारची पाच करून ज्यात तपासणी छान दिसेल ती ठेवलीत, तर ती सात वर्षं न पाहिलेली राहत नाहीत. विंडोची लांबीसुद्धा तुम्ही त्यांच्यावरच ठरवलेली असेल. सौदे पुरेसे व्हावेत म्हणून लांबवायची असेल तर निकाल न बघता आधी ठरवा, आणि मग तिथंच थांबा.

देवगड_बागायतदार
ताई, माका एक इचारूचा आसा. वाशीच्या हापूस पेटीच्या भावासाठी हे करता येईल का? माझ्याकडे पाच हंगामांचे रोजचे भाव आहेत. तीनवर ठरवून पुढच्यावर तपासायचं.

कुडाळ_आकडेमोड
करा, पण तपासण्या दोनच होतील. रोजचे भाव शेकड्यांनी असले तरी एका हंगामातले दिवस एकमेकांना धरून चालतात. झाडांना मोहोर कमी आला तर सगळाच हंगाम चढा जातो. आधी 'गेल्या वर्षी याच आठवड्यात होता तोच भाव' हा अंदाज लावून चूक मोजा. तुमच्या पद्धतीची चूक त्याहून कमी नसेल तर तिचा उपयोग नाही.

मिऱ्या, तुम्हालाही हेच लागू. सातही वर्षं एन ५० कायम ठेवून काय मिळतं ते बघा.

मिऱ्या_रत्नागिरी
मोठा सौदा काढल्यावर सातपैकी पाच विंडोंत पहिला नंबर बदलला. शेजार धरल्यावर एन ४० ते ५५ मध्येच राहतोय. तपासणी ५ टक्के. कायम ५० ठेवून ५.५.

चौलकर
मग ५० च घ्या की.

कुडाळ_आकडेमोड
५० मी अंदाजाने सांगितला. आता निकाल बघून तोच पक्का केला तर पुन्हा निवडच झाली. ३० ते ७० मधल्या प्रत्येक एनला कायम ठेवून सात वर्षांची सरासरी काढा. तीही ५ च्या आसपास आली, तर दरवर्षी एन ठरवण्याने काही हाती लागत नाही, नियम एकच ठेवावा.

मिऱ्या_रत्नागिरी
४.६ आली. मग २०२५ आता उघडू का? आणि ३१ डिसेंबरला उघडी असलेली पोझिशन पुढच्या वर्षात जुन्या एनने न्यायची की नव्या?

कुडाळ_आकडेमोड
कायम एन ठेवलात तर दुसरा प्रश्न उरत नाही. दरवर्षी बदलणार असाल तर मी जुन्याच एनने बाहेर पडते, कारण खरेदी त्याच्या भरवशावर झालेली असते. २०२५ साठी एन, खर्च आणि 'किती तोट्याला सोडायचं' हे आधी लिहून ठेवा. एका वर्षात जेमतेम तीन-चार सौदे होतील. ते वाईट गेले तरी नियम खोटा ठरत नाही, चांगले गेले तरी खरा ठरत नाही.

चौलकर
जुन्या एनने बाहेर पडणं मला पटत नाही. नवा एन आजच खरेदी करणार नसेल तर ती पोझिशन धरायची कशाला?