लग्नाच्या व्यवसायाचा रंग: लाल-पिवळा की काळा-सोनेरी?

भुसावळकर: आम्ही दोघे भाऊ मांडव, सजावट आणि जेवणाची पंगत असं सगळं सांभाळतो. आता नाव, पाटी, मिठाईचे डबे, कामावरच्या पोरांचे शर्ट एकाच रंगात करायचेत. डिझायनरने काळा-सोनेरी दिलाय, भावाला लाल-पिवळा हवा. आमच्याकडे लेवा पाटीदार, मराठा, बौद्ध, तडवी, मारवाडी, ख्रिस्ती अशी सगळ्यांची कामं येतात. कोणता रंग घ्यावा?

तापीकाठ: लाल-पिवळा, दुसरा विचारच नको. हळद आणि कुंकू आहे ते. काळा लग्नात अशुभच. आमच्या आजीने काळी पिशवी पाहिली असती तर दारातूनच परत पाठवली असती.

छपाईवाला_जळगाव: काळ्याबद्दल अर्धं बरोबर आहे. मंगळसूत्राचे मणी काळेच असतात, आणि नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळी साडी हौसेने घेतात. म्हणजे मणी चालतात, साडी त्या एका सणाला चालते, पण हळदीच्या घरात काळा डबा चालत नाही. वस्तू कोणती आणि वेळ कोणती, यावर सगळं ठरतं.

दोन वर्षांपूर्वी एकांचे डबे आम्ही छापले. रंग काळा नव्हताच, गडद मरून होता. संध्याकाळी डबे रुखवताशेजारी रचले आणि घरातल्या आजी म्हणाल्या, "हे काळे डबे कोणी आणले?" स्क्रीनवर तो मरून सुंदर दिसत होता. पण डबा खाकी कागदाचा, त्याने शाई शोषून घेतली, आणि वर मांडवातले पिवळसर दिवे. रात्री दोनशे डबे बदलावे लागले. नंतर त्याच रंगातली काळी शाई 40 टक्क्यांवरून 10 वर आणली आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर छापलं, तेव्हा तो मरून मरूनच दिसला. म्हणून नमुना संगणकावर पास करू नका. खऱ्या डब्यावर छापून घ्या, मांडवातल्या दिव्याखाली धरा आणि दहा पावलांवरून पाहा. आणि पिवळ्या अक्षरांचा पांढऱ्यावर विचारही करू नका, पाटी वाचताच येणार नाही.

सावदा_पाहुणा: माझ्या मुलीच्या हळदीला पिवळ्या झेंडूसोबत कोणता पडदा शोभेल? आम्ही हिरवा धरलाय.

छपाईवाला_जळगाव: पडदा एका लग्नापुरता असतो, हिरवा छान दिसेल. इथे प्रश्न वर्षानुवर्षे टिकणाऱ्या रंगाचा आहे.

वरणगावची_मुलगी: तापीकाठ दादा, आमच्या बौद्ध लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत असतात. तुमच्याकडे पांढरा दुःखाचा, आमच्याकडे मंगल प्रसंगाचा. लाल-पिवळ्या डब्याला आमचा विरोध नाही, फक्त तो पाहून वाटतं की हे लोक आपल्यासाठी काम करत नाहीत. आणि एक विनंती, आम्ही आलो की लगेच निळा पुढे करू नका. निळा आमच्या ध्वजाचा, अभिमानाचा रंग आहे, पण लग्नात काय हवं ते आम्हालाच विचारा.

यावलवाला: हेच हिरव्याचं. मुस्लिम म्हटलं की सजावटवाले हिरवी झालर लावतात. माझ्या बहिणीने निकाहला लाल जोडा घातला होता. आणि हिरवा तर हिंदू नवरीच्या चुड्यातही आहे. समाजाचं नाव बघून रंग ठरवला की दर वेळी कोणीतरी दुखावतो.

छपाईवाला_जळगाव: अगदी बरोबर. म्हणून माझा सल्ला असा: कायमचं एकच ठेवा. कमी काळ्या शाईचा मरून, सायीसारखा क्रीम आणि अक्षराची एकच घडण. पाटी, गाडी, शर्ट, बिल यात बदल नको. बदलायची ती फक्त डब्यावरची दोन बोटांची फीत. ऑर्डर घेतानाच पाच-सहा फिती घरच्यांसमोर ठेवा, त्यांनाच निवडू द्या, आणि "कोणता रंग अजिबात नको?" हे जरूर विचारा. नको असलेला रंग लोक लगेच सांगतात.

तापीकाठ: फीत बदलली की ओळखच राहणार नाही. आमच्या गावात अर्धी माणसं नाव वाचत नाहीत, रंगावरून ओळखतात.

छपाईवाला_जळगाव: ती धास्ती खरी आहे. म्हणून शर्ट आणि गाडी कधीच बदलायची नाही. पण डब्यावर फीत किती रुंद झाली की ओळख पुसते, यावर माझंही मत पक्कं होत नाही. आमच्या दुकानातच यावरून वाद आहे.

वरणगावची_मुलगी: तो मरून आमच्या घरी चालेल. फक्त डब्यावर गणपती आणि स्वस्तिक छापू नका, रंगापेक्षा ते आधी दिसतं.

भुसावळकर: चित्रांचा विचार आम्ही केलाच नव्हता, डिझायनरच्या नमुन्यात कलश आहे. तो काढतो. काळा-सोनेरी डब्यांवरून रद्द. मरूनचे तीन नमुने पांढऱ्या पुठ्ठ्यावर मागवलेत, शनिवारी मांडवात दिव्याखाली धरून बघतो. भाऊ अजून लाल-पिवळ्यावरच अडून बसलाय, त्यालाही उभा करतो दहा पावलांवर.