पहाटेची डेट: शेताचा बांध की तलाव? आणि डबा नेमका कोणी करायचा?

चटईवाला (जळगाव): लग्नाला दोन वर्षं झाली. माझी एमआयडीसीत शिफ्ट, बायको बँकेत. आठवड्यात तोंड दिसतं ते रात्री जेवताना. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी दोघांनीच सूर्योदय बघायला जायचं ठरवतोय. साधं खाणं, शांत जागा, नऊपर्यंत घरी परत. कुठे जावं आणि काय न्यावं?

सातपुड्याचा वेडा: थेट पाल गाठा भो. नाहीतर मनुदेवी. थंडी, जंगल, धबधब्याचा दगड, अजून काय पाहिजे? पहाटे चारला निघा, सूर्योदयाला तिथे.

पहाटेचा सायकलवाला: मनुदेवीला सूर्योदय? तीन बाजूंनी कडा आहे तिथे. सूर्य उगवून बराच वेळ झाला तरी तुम्ही सावलीतच बसलेले असता. मी दोनदा फसलोय. डोंगराच्या पोटात गेलं की ‘उगवताना’ बघायचं राहतं आणि ‘डोक्यावर आला’ एवढंच दिसतं. पाटणादेवीचंही तसंच. तिथे तर अभयारण्य आहे, बिबटे आहेत, अंधारात दोघांनी शिरायची जागा नाही ती.

आणि आठवड्याभराच्या दमलेल्या माणसाला पहाटे चारला गाडी चालवायला सांगू नका. मी आधी वेळ मांडतो, मग जागा. नोव्हेंबरच्या अखेरीस जळगावला सूर्य साधारण पावणेसातला येतो. पण खरी मजा त्याच्या आधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत असते, आकाश आधी राखाडी, मग केशरी होतं तेव्हा. म्हणजे सव्वासहाला तुम्ही पाय पसरून बसलेले पाहिजे. सतरंजी घालायला, गाडी लावायला पंधरा मिनिटं धरा, सहाला पोचा. घरून साडेपाचला निघायचं तर अर्ध्या तासाच्या आतलीच जागा हवी. या एका हिशोबाने पाल, तोरणमाळ सगळं बाद होतं.

गोधडीतून बोलतोय: मग थंडी आणखी पडू द्या की, जानेवारीत जा. संक्रांतीनंतर दिवस मोठा होतो, सूर्य लवकर येईल, झोपही कमी मोडेल.

पहाटेचा सायकलवाला: दिवस मोठा होतो हे बरोबर, पण तो वाढतो संध्याकाळकडून. सकाळी उगवण्याची वेळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच सरकत राहते. संक्रांतीच्या सुमारास जळगावला सूर्य सातच्या पुढे येतो. झोप जास्त मिळेल हे खरं, पण मग नऊपर्यंत घरी यायचं गणित ताणलं जातं. शिवाय जानेवारीत तापीकाठी दाट धुकं पडलं की पांढऱ्या भिंतीकडे बघत बसावं लागतं.

आम्ही धुयाकडना: भो, धुयाले ये ना! लळिंगचा किल्ला शे, नकाणे तलाव शे. किल्ल्यावर बठ्ठं धुयं पायाखाले दिसस. टॉर्च घे, पहाटे चढ, काय बी त्रास नही.

दादरची भाकर: दादा, प्रश्न जळगावचा आहे. जळगावातून धुळ्याला येऊन किल्ला चढायचा, तर तुमचा माणूस मध्यरात्रीच उठेल.

चटईवाला: मग घराजवळचा मेहरूण तलावच बरा का? दहा मिनिटांत पोचू.

पहाटेचा सायकलवाला: जागा सुंदर आहे, पण ‘शांत’ म्हणालात ना? पाचपासून चालणारे येतात. तुमच्या शेजाऱ्यांपैकी दोघं, वहिनींच्या बँकेतला एक खातेदार आणि ‘काय, आज इकडे?’ म्हणणारे चौघं. बाहेरगावची जोडपी तिथे रमतात, जळगावच्यांना ते जमत नाही. गिरणेचा काठ म्हणाल तर पहाटे वाळूचे ट्रॅक्टर असतात. तापीवर विदगावकडे रस्ता सोपा आहे, पण पुलाजवळ बसू नका, वाहनांचा आवाज पाण्यावरून जास्तच येतो.

माझं मत स्पष्ट आहे. खान्देशात दोघांसाठी सगळ्यात निवांत जागा म्हणजे ओळखीच्या माणसाचं शेत. पण कोणतंही शेत नाही. केळीची बाग असेल तर समोरची पानंच दिसतील. तूर उंच, कपाशी छातीएवढी. हरभऱ्याचं किंवा नुकत्याच पेरलेल्या गव्हाचं रान शोधा, ते नोव्हेंबरअखेर पोटरीएवढंही नसतं आणि नजर थेट क्षितिजाला जाते. पिकाच्या पश्चिमेच्या बांधावर बसा, म्हणजे सगळं मोकळं रान समोर येतं.

गोधडीतून बोलतोय: सूर्य पूर्वेलाच उगवतो, त्यात एवढं काय शोधायचं?

पहाटेचा सायकलवाला: त्या दिवसांत तो अगदी पूर्वेला नसतो, चांगलाच दक्षिणेकडे सरकलेला असतो. हात लांब करून मूठ धरा. नेमक्या पूर्वेपासून उजवीकडे दोन मुठींच्या थोडं पुढे तो येतो. जूनमध्ये तितकाच डावीकडे, म्हणजे सातपुड्याच्या बाजूला. तिथे नेमकं आंब्याचं झाड किंवा पंपाची खोली असली तर पंधरा मिनिटांचा सगळा खेळ झाडामागे होतो. आदल्या आठवड्यात एकदा पहाटे जाऊन बघून या, मोबाइलवरच्या होकायंत्रावर विसंबू नका.

वांगं-प्रेमी: शेत ठरलं ना? मग प्रश्नच नाही, भरीत! हिवाळ्यात शेतात जायचं आणि भरीत नाही म्हणजे लग्नात जाऊन वरातीत न नाचणं. वांगी तिथेच काड्यांवर भाजा, बडगीत मिरची-लसूण ठेचा, वरून कांद्याची पात. गरम गरम कळण्याची भाकरी. आम्ही पंधरा जण दर वर्षी करतो, चटई, ढोलकी, मजा!

दादरची भाकर: अहो, ते दोघंच आहेत. पंधरा जणांची पार्टी नव्हे.

आणि विचार करा, काड्या पेटवायच्या, वांगं सगळीकडून भाजलं का बघायचं, साल काढायची, कुटायचं. कमीत कमी तासभर धुरात एक जण वाकलेला, दुसरा हात धरून उभा. सूर्य त्यांच्या पाठीमागे उगवून जाईल आणि वहिनींच्या केसांना धुराचा वास घेऊन त्या घरी जातील. तिथे भाजू नका. रात्रीच घरी भरीत करून न्या.

वांगं-प्रेमी: रात्रीचं भरीत पहाटे? दह्याच्या कोशिंबिरीसारखं लागेल.

दादरची भाकर: मी गेली कित्येक वर्षं असंच करते. भरीत कोरडं ठेवायचं. वांगं भाजल्यावर चाळणीत पाव तास निथळू द्यायचं, तळाला कपभर पाणी साठतं, ते टाकायचं. कांद्याची पात रात्री घालायची नाही, ती सकाळी वरून घालायची. रात्रभर घातलेल्या पातीने पाणी सुटतं आणि वासही वाईट येतो. तेल नेहमीपेक्षा चमचाभर जास्त, शेंगदाणे वेगळे बांधायचे. नोव्हेंबरच्या गारव्यात हे पहाटेपर्यंत चांगलं राहतं. एप्रिल-मे मध्ये मात्र करू नका, तेव्हा रात्रीचं भरीत सकाळी आंबूस लागतं. तसं वाटलं तर चव घेत बसू नका, टाकून द्या.

भाकरी कळण्याची न्या, पुरी नको. पुरी गरम असताना डब्यात कोंबली की वाफेने ओली होते आणि सकाळी रबरासारखी ताणत बसावं लागतं. भाकरी पूर्ण थंड करून सुती फडक्यात गुंडाळायची. दोघांना तीन बास, एक सोबत केळं. रावेर-यावलच्या माणसाला केळ्याचं काय कौतुक, पण पहाटे भुकेला तेच पहिलं हाताला येतं.

एक वैतागलेली: सगळे ‘भाकरी थापून न्या’ म्हणताय, थापणार कोण? रात्री बँकेतून आठला यायचं, वांगी भाजायची, भाकरी थापायच्या, झोपायला बारा, उठायचं पाचला. याला डेट म्हणतात? ही तर तिची ओव्हरटाइम शिफ्ट झाली. आमच्याकडे नवऱ्याला ‘सरप्राइज’ सुचलं, आणि डबा मी करावा हेही त्यालाच सुचलं.

वांगं-प्रेमी: मग बाहेरून पोहे-जिलेबी घ्या.

एक वैतागलेली: पहाटे साडेपाचला कोण उघडं असतं?

दादरची भाकर: ताई, मुद्दा बरोबर आहे तुमचा. चटईवाले भाऊ, शनिवारी तुम्ही आधी घरी येता का? मग वांगी तुम्ही भाजा. गॅसवर जाळीवर ठेवायची, दर चार मिनिटांनी फिरवायची, एवढंच. भाकरी जमत नसेल तर शेजारच्या बाईंकडून विकत घ्या, जळगावात भाकऱ्या करून देणाऱ्या बऱ्याच बायका आहेत.

एक वैतागलेली: ‘जमत नसेल तर’? दोन वर्षांत शिकला असता.

चटईवाला: भाजणं जमेल. थापणं… भाकरीचा नकाशा होतो माझ्याकडून.

दादरची भाकर: नकाशा चालतो. फाटली तर भरीत घालून चुरा करून खा.

चटईवाला: चहा थर्मासात नेला तर? घरी गुळाचाच चहा असतो.

पहाटेचा सायकलवाला: गुळाचा चहा दूध घालून थर्मासात दोन-तीन तास ठेवलात तर फाटायची शक्यता जास्त. माझा एकदा पांढऱ्या गुठळ्यांचा झाला होता, बायको अजून चिडवते. साखरेचा करा किंवा दूध न घालता नुसता काळा करा, लिंबू तिथे पिळा. आधी थर्मासमध्ये उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्या, नाहीतर चहा तासाभरात कोमट होतो. आणि चहा पहाटे निघताना करा, रात्री नको.

आम्ही धुयाकडना: बसायला काय? सतरंजी घालशील तर दव लागीन.

पहाटेचा सायकलवाला: हो, हे महत्त्वाचं. गवतावर पहाटे इतकं दव असतं की सतरंजी दहा मिनिटांत ओली. खाली प्लास्टिकची चटई, वर सतरंजी. तुम्ही तर चटईवालेच. गाडी बांधापर्यंत नेऊ नका, टायरखाली हरभरा गेला तर मालक पुढच्या वेळी नाही म्हणेल. काठी आणि टॉर्च हातात, बसण्याआधी बांधाचं गवत एकदा आपटून घ्या, सापाला जायला वाट मिळते.

सातपुड्याचा वेडा: शेत म्हणजे मालकाची चौकशी आलीच. ‘कुठल्या गावची सून, कशाला आलात, चहा घ्या.’ शांत कसलं?

दादरची भाकर: ते आदल्या दिवशी फोनवर सांगायचं, ‘दादा, आम्ही दोघं येऊन निघून जाऊ, उठवत नाही तुम्हाला.’ कधी कधी तरीही तो चहाची किटली घेऊन येतो. त्याला काही इलाज नाही.

एक वैतागलेली: मी अजूनही म्हणते, मेहरूणला जा, वरून वडापाव खाऊन घरी या. ओळखीचे भेटले तर भेटले. लोकांना लपून डेट करायची असते, नवरा-बायकोला कशाला?

पहाटेचा सायकलवाला: लपायचं नाही हो, बोलायचं आहे. ओळखीचा माणूस दिसला की दोघंही त्याच्याशी बोलतात.

चटईवाला: कालच बायकोला विचारलं. ती म्हणाली, शेत बरं, पण भाकरी ती करणार नाही, मी शनिवारी करायच्या. मेव्हण्याच्या मित्राचं हरभऱ्याचं रान आहे विदगावच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. रविवारी पहाटे आधी एकदा एकटाच जाऊन बघून येतो. फक्त आईला काय सांगायचं ते ठरत नाहीये, तिला सकाळचं फिरायला जायचंच असतं.

दादरची भाकर: त्यांना खरं सांगा. आणि परत येताना भरताचा एक छोटा डबा त्यांच्यासाठी ठेवा.

एक वैतागलेली: तोही त्यानेच केलेला.