मदत हवी आहे: घरगुती चकलीचा नगाचा भाव कसा काढायचा?

रानजाई: एक किलो भाजणीच्या ६४ चकल्या होतात. भाजणी, मोहन, तळणाचं तेल, तीळ-मसाला धरून २१० रुपये लागतात, म्हणजे नगाला सव्वातीन. सहाला विकते, तरी महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. काय सुटतंय?

मीठभाकर: सोपं आहे. सामानाच्या खर्चाची तिप्पट करा. ६३० होतात, नगाला दहाच्या आसपास. बाकी मोजत बसू नका.

जातं: तिप्पट चकलीला कशीबशी जुळते, कारण सामान स्वस्त आणि वेळ भरपूर. सुकामेव्याच्या लाडवाला लावलीत तर भाव अवाच्या सवा होईल. रानजाई, तुटतात किती? भाजण्यापासून पॅकिंगपर्यंत तास किती? पाकीट कितीला?

रानजाई: सहा तुटतात. चार तास. दहाचं पाकीट, लेबलसकट ६ रुपये. गॅस अंदाजानेच धरते.

जातं: मग विकाऊ नग ५८, भागाकार त्यानेच करायचा. गॅससाठी सिलिंडर तोला. एका खेपेचा फरक मोठ्या काट्यावर नीट कळत नाही, म्हणून पाच खेपांआधी आणि नंतर तोलून पाचाने भागा. समजा खेपेला ३५० ग्रॅम निघाला आणि व्यावसायिक सिलिंडरचा दर किलोला ९० रुपये धरला, तर ३२ रुपये. घरच्या सिलिंडरचा दर धंद्याला धरू नका. मजुरी तासाला ८० धरली तर ३२०. पाकिटांचे ३५. एकूण ५९७, नगाला १० रुपये ३० पैसे, आणि यात नफा नाही.
सहाच्या भावाने ३४८ येतात. सामान, गॅस, पाकीट वजा जाता ७१ उरतात, म्हणजे तासाला अठरा रुपयेही नाहीत. सुटतंय ते हे.
तेलही तपासा. कढई तळणाआधी आणि नंतर तोला, आणि जे तेल पुन्हा वापरणार नाही ते खर्चातच धरा.

डबेवाली_ताई: माझा पोळी-भाजीचा डबा आहे. मीही नगावर धरू?

जातं: ताई, पोळी नगावर, भाजी मात्र शिजल्यानंतरच्या वजनावर. पालेभाजी शिजून बरीच बसते. कच्च्या वजनावर वाटे धरले की शेवटचे डबे कमी पडतात.

रानजाई: पण आमच्याकडे नगाला नऊच्या वर कोणी देत नाही. मजुरी कमी धरू?

जातं: मजुरी नको, खेप वाढवा. दोन किलोला वेळ दुप्पट लागत नाही. भाजणं, मांडामांड, आवराआवर जवळपास तेवढीच राहते. सहा तासांत झालं तर खर्च नगाला ८ रुपये ९० पैशांवर येतो. तुटणाऱ्या चकल्याही बघा. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरते, कमी पडलं की कडक होते.

मीठभाकर: ८.९० ला बनवून नऊला विकायची? दहा पैशांत नफा कसला?

जातं: बरोबर आहे, तेवढ्यात मजुरीच सुटते. साच्यातून जाड पडत असेल तर दहा चकल्या तोलून बघा, थोडी बारीक पाडता येईल. गिऱ्हाईक ती घेईल का, ते विकूनच कळेल.

रानजाई: रविवारी दोन किलोची खेप करते, घड्याळ लावून. तास इथेच लिहीन.